प्रश्नपत्रिका उघडली होती का?

घरून दिल्या जाणाऱ्या ऑनलाइन परीक्षेत कॅमेरा सुरू न झाल्यामुळे किंवा पर्यवेक्षणाचे सॉफ्टवेअर मध्येच बंद पडल्यामुळे ज्याची परीक्षा हुकते, तो विद्यार्थी परीक्षा विभागाकडे जो अर्ज करतो, तो बहुतेक वेळा विनवणीच्या सुरात लिहिलेला असतो. वर्ष वाया जाईल, घरची परिस्थिती बेताची आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, असा त्याचा मजकूर असतो. त्यावर येणारे उत्तरही तितकेच ठरावीक असते: ‘संगणक, कॅमेरा व इंटरनेट यांची जबाबदारी परीक्षार्थीची राहील’ हे सूचनापत्रकातले वाक्य दाखवून विभाग अर्ज निकाली काढतो. एक बाजू दयेची भाषा बोलते, दुसरी साधनाच्या मालकीची, आणि ज्या प्रश्नावर निर्णय व्हायला हवा तो दोन्हीकडून निसटतो. अडचण आली त्या क्षणापर्यंत प्रश्नपत्रिका परीक्षार्थीच्या पडद्यावर पोहोचली होती की नव्हती, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर नोंदींतून मिळू शकते, आणि फेरपरीक्षेच्या मागणीचे वजन मुख्यतः त्यावरच ठरते, असे या लेखाचे म्हणणे आहे.

हा प्रश्न निर्णायक का, हे समजण्यासाठी दूरस्थ पर्यवेक्षणाचा, म्हणजे ज्याला विद्यार्थी आणि कर्मचारी दोघेही ‘प्रॉक्टरिंग’ म्हणतात त्याचा, क्रम पाहावा लागतो. परीक्षार्थी आपल्या बैठक क्रमांकाने किंवा पीआरएनने पोर्टलवर प्रवेश करतो. मग पोर्टल ब्राउझरकडे कॅमेरा आणि माइक वापरण्याची परवानगी मागते. परवानगी मिळून चित्र येऊ लागले की चेहऱ्याचे आणि ओळखपत्राचे छायाचित्र घेतले जाते. काही व्यवस्थांत खोलीभर कॅमेरा फिरवून दाखवावा लागतो. आणि हे सगळे पार पडल्यावर, ठरलेल्या वेळी, सर्व्हर प्रश्न पाठवतो. त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत परीक्षार्थीचा संगणक ठरावीक अंतराने ‘मी जोडलेला आहे’ असा संकेत सर्व्हरला देत राहतो, कॅमेऱ्याची चित्रे पाठवत राहतो, आणि प्रत्येक उत्तर नोंदवले गेल्याची वेळ तिकडे साठत जाते. या क्रमाला एक उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे परीक्षार्थी तपासणीच्या दारात उभा असतो आणि त्याने प्रश्नांतला एक शब्दही पाहिलेला नसतो. पलीकडे गेल्यावर त्याने काही प्रश्न पाहिलेले असतात, काही सोडवलेलेही असतात. अलीकडे अडलेल्या परीक्षार्थीला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवले, तर त्याला इतरांहून अधिक असे काहीच मिळत नाही. फक्त त्या मधल्या काळात प्रश्न बाहेर फुटलेले नसावेत किंवा त्याला दुसरा प्रश्नसंच मिळावा, एवढेच पाहावे लागते. पलीकडे अडलेल्याच्या बाबतीत मात्र त्याने किती प्रश्न पाहिले, किती वेळ गेला, मधल्या काळात तो कॅमेऱ्याबाहेर होता का, असे प्रश्न उभे राहतात, आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय फेरपरीक्षा देणे इतर परीक्षार्थींवर खरोखर अन्याय ठरू शकते. ‘तांत्रिक अडचण’ हा एकच शब्दप्रयोग या दोन वेगळ्या घटनांना लावला जातो, आणि अर्ज फेटाळले जाण्यामागे या सरमिसळीचा वाटा मोठा असतो.

उंबरठ्याच्या अलीकडचा बिघाड जवळून पाहण्यासारखा आहे, कारण ‘कॅमेरा चालला नाही’ या विधानाच्या पोटात किमान तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि ब्राउझर त्यांना निरनिराळी नावे देतो. वेबपान कॅमेरा मागते तेव्हा ते `getUserMedia` नावाची आज्ञा वापरते. आज्ञा फसली की ब्राउझर कारणाचे नाव परत करतो. `NotFoundError` म्हणजे पानाला हवे तसे साधन संगणकाला सापडलेच नाही. कॅमेऱ्याची तार निघालेली आहे, तो बंद करून ठेवलेला आहे, किंवा त्याला चालवणारे ड्रायव्हर नावाचे सॉफ्टवेअर बसलेले नाही. `NotReadableError` म्हणजे साधन आहे, परवानगीही आहे, पण त्यातून चित्र मिळत नाही. विंडोज असलेल्या संगणकावर याचे नेहमीचे कारण असे की दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने कॅमेरा आधीच ताब्यात घेतलेला असतो. `NotAllowedError` म्हणजे परवानगी नाकारली गेली.

पहिल्या दोन नावांवरून दोष कोणाचा याचा अंदाज तरी करता येतो. तिसरे नाव सगळ्यांत फसवे आहे. परवानगी परीक्षार्थीने स्वतः नाकारलेली असू शकते. विंडोजच्या Settings मधील Privacy & security या विभागात कॅमेऱ्याचा वापर मुळातच बंद केलेला असू शकतो. आणि तिसरी शक्यता अशी की परीक्षेचे पान महाविद्यालयाच्या अध्यापन-पोर्टलच्या आत, दुसऱ्या पानाच्या चौकटीत बसवलेले आहे आणि त्या चौकटीला `allow="camera"` हा शब्द जोडायचा राहून गेला आहे. या शेवटच्या परिस्थितीत ब्राउझर परवानगी विचारतच नाही, थेट नकार देतो. परीक्षार्थीने कितीही वेळा पान ताजे केले, तरी काही फरक पडत नाही. परत येणारे नाव तेच, पण एका बाबतीत चूक परीक्षार्थीची आणि दुसऱ्या बाबतीत ती पान बनवणाऱ्याची. दोन्हींत फरक करणाऱ्या खुणा अगदी साध्या आहेत: परवानगी विचारणारी छोटी चौकट पडद्यावर आली होती की नव्हती, आणि त्याच वेळी त्याच वर्गातल्या इतरांनाही तीच अडचण आली का. चौकट न येण्यामागे आधी कधीतरी दिलेला नकार ब्राउझरने लक्षात ठेवला असणे हेही कारण असू शकते, म्हणून पहिली खूण एकटी पुरत नाही. पण दुसऱ्या खुणेबरोबर ती बरेच काही सांगून जाते. अर्ज लिहिणाऱ्यांपैकी फारच थोडे जण या दोन बाबी नोंदवतात, आणि अर्ज तपासणारेही त्या विचारत नाहीत.

अर्थात परीक्षार्थीच्या पडद्यावर ही इंग्रजी नावे दिसतीलच असे नाही. बहुतेक पोर्टले त्यांवर ‘कॅमेरा आढळला नाही’ अशा अर्थाचे एकच सर्वसाधारण वाक्य चिकटवतात, आणि मग ज्याचा कॅमेरा खरोखर तुटला आहे आणि ज्याचा कॅमेरा दुसऱ्या प्रोग्रामने अडवला आहे अशा दोघांनाही तोच संदेश मिळतो. व्यवस्था नीट बांधलेली असेल तर मूळ नाव सर्व्हरवरील नोंदवहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये, उतरलेले असते. येथेच पुराव्याचा खरा पेच आहे. बिघाड कशामुळे झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकली जाते आणि ते सिद्ध करणारी नोंद मात्र विद्यापीठाने नेमलेल्या कंत्राटदार कंपनीकडे असते. ज्याच्या हाती कागद नाही त्याच्याकडेच कागद मागायचा, असा हा प्रकार आहे.

पुराव्याचा भार कोणावर, हा प्रश्न नेदरलँड्समधील एका प्रकरणात फार स्पष्टपणे तपासला गेला. अ‍ॅमस्टरडॅममधील फ्रिये विद्यापीठाच्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने तक्रार केली की पर्यवेक्षणाचे सॉफ्टवेअर तिचा चेहरा ओळखत नव्हते, खोलीत अंधार असल्याचे सांगत होते, आणि परीक्षा देता यावी म्हणून तिला चेहऱ्यावर थेट दिव्याचा प्रकाश टाकावा लागत होता. तेथील मानवी हक्क संस्थेने डिसेंबर 2022 मधील अंतरिम निर्णयात असे म्हटले की भेदभावाचा संशय घेण्याइतपत आधार दिसतो आणि तसा भेदभाव झाला नाही हे आता विद्यापीठाने दाखवावे. विद्यापीठाने मग परीक्षांच्या नोंदी काढून तपासल्या. ऑक्टोबर 2023 मधील अंतिम निर्णयात, सॉफ्टवेअरने तिला तिच्या वर्णामुळे इतरांहून वेगळे वागवल्याचे त्या नोंदींवरून दिसत नाही, असा निष्कर्ष आला. तिची तक्रार हाताळताना मात्र विद्यापीठाने पुरेशी काळजी घेतली नाही, असा ठपकाही त्याच निर्णयात ठेवला गेला.

या निर्णयातून दोन गोष्टी निघतात आणि त्या एकमेकींना पूरक आहेत. नोंदी ज्याच्याकडे असतात त्यानेच त्या उघड कराव्यात, हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात उतरले. आणि उघड केलेल्या नोंदी नेहमी तक्रारदाराच्या बाजूनेच बोलतात असे नाही, हेही दिसले. विद्यार्थिनीने जे डोळ्यांनी पाहिले होते ते एका पातळीवरचे, आणि त्यामागचे कारण म्हणून तिने जे मांडले ते दुसऱ्या पातळीवरचे. पहिले तिला ठाऊक होते, दुसऱ्याचा तिला केवळ अंदाज होता, आणि अंदाज कितीही सयुक्तिक असला तरी तो नोंदींपुढे टिकेल याची खात्री नसते. फेरपरीक्षा मागणाऱ्या अर्जात म्हणूनच पाहिलेले आणि अनुमान केलेले यांची गल्लत होता कामा नये. ‘सर्व्हर डाऊन होता’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने सर्व्हर पाहिलेला नसतो. त्याने पान न उघडणे पाहिलेले असते. सर्व्हर त्या वेळी चालू होता अशी नोंद कंपनीने पुढे केली की त्याचा सबंध अर्ज खोटा ठरतो, जरी पान खरोखर उघडत नसले तरी.

एक कल्पित उदाहरण वेळेनिशी घेतले तर हा फरक अधिक उमगेल. पदवीच्या अखेरच्या सत्राची एक तासाची बहुपर्यायी परीक्षा सकाळी 10 वाजता आहे, पोर्टल 9.30 ला उघडते आणि 10.15 नंतर प्रवेश बंद होतो. महाविद्यालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना दिली आहे की पोर्टलच्या स्वयंचलित पर्यवेक्षणाखेरीज वर्गशिक्षकांनाही विद्यार्थी दिसावेत म्हणून सर्वांनी 9.30 पासून व्हिडिओ बैठकीत सामील व्हावे आणि कॅमेरा चालू ठेवावा. परीक्षार्थी 9.36 ला बैठकीत जातो आणि 9.41 ला पोर्टलवर प्रवेश करतो. 9.44 ला कॅमेरा तपासणीच्या पानावर ‘कॅमेरा आढळला नाही’ असा संदेश येतो. तो पान ताजे करतो, संदेश तोच. 9.52 ला तो लॅपटॉप बंद करून सुरू करतो, सूचनेचे पालन म्हणून आधी पुन्हा बैठकीत जातो, आणि 10.03 ला पोर्टलवर परततो, संदेश तोच. 10.07 पासून तो हेल्पलाइनला फोन लावतो, दोनदा लाइन व्यस्त लागते, आणि 10.15 ला दार बंद होते. 10.22 ला तो परीक्षा विभागाच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल पाठवतो. या प्रकरणात जाणकाराच्या लगेच लक्षात येईल की बैठकीच्या प्रोग्रामने कॅमेरा धरून ठेवला होता आणि विद्यापीठाच्या पोर्टलला तो मिळत नव्हता. म्हणजे महाविद्यालयाची सूचनाच पोर्टलच्या आड आली. परीक्षार्थीला हे कळलेले नाही, आणि अर्ज चांगला होण्यासाठी ते कळण्याची गरजही नाही.

या परीक्षार्थीचा नेहमीच्या पद्धतीचा अर्ज असा असेल: ‘माझा कॅमेरा अचानक बिघडल्यामुळे व नेट स्लो असल्यामुळे मी परीक्षेस बसू शकलो नाही, तरी कृपया पुन्हा संधी द्यावी.’ या एका वाक्यात त्याने दोन चुकीची कारणे स्वतःच्या माथी मारून घेतली आहेत. कॅमेरा बिघडला नव्हता आणि नेट मंद नव्हते. पण साधनाची जबाबदारी परीक्षार्थीची, हे कलम लावायला विभागाला आता त्याच्याच सहीचा कागद मिळाला. याउलट अर्ज असा लिहिता येतो:

‘अर्जदाराने सकाळी 9.41 वाजता पोर्टलवर प्रवेश केला. 9.44 वाजता कॅमेरा तपासणीच्या पानावर “कॅमेरा आढळला नाही” असा संदेश आला. परवानगी विचारणारी चौकट आली होती व अर्जदाराने परवानगी दिली होती. त्याच वेळी महाविद्यालयाच्या सूचनेनुसार सुरू असलेल्या व्हिडिओ बैठकीत अर्जदाराचा कॅमेरा चालू होता व वर्गशिक्षकांना अर्जदार दिसत होता. लॅपटॉप पुन्हा सुरू करून 10.03 वाजता प्रवेश केला असता तोच संदेश आला. 10.15 पर्यंत अर्जदारास प्रश्नपत्रिका दिसली नाही. बिघाडाचे कारण अर्जदारास माहीत नाही. ते अर्जदाराच्या बैठक क्रमांकावरील 9.30 ते 10.30 या वेळेतील नोंदींवरून तपासावे, त्या नोंदी निर्णय होईपर्यंत जपून ठेवाव्यात, आणि प्रश्नपत्रिका पाठवली गेली नसल्याचे आढळल्यास या विषयाची फेरपरीक्षा घ्यावी, ही विनंती.’

दुसऱ्या अर्जात गयावया नाही आणि आरोपही नाही, पण त्याचे बळ केवळ सुरात नाही. कॅमेरा एका प्रोग्राममध्ये चालत होता आणि दुसऱ्यात नाही, ही नोंद ‘कॅमेरा बिघडला’ हा पर्यायच बाद करते आणि तिला वर्गशिक्षक हे साक्षीदारही आहेत. ‘कारण माहीत नाही’ हे वाक्य दुबळे वाटते. प्रत्यक्षात ते चौकशीचे काम ज्याचे आहे त्याच्याकडे सोपवते. आणि मागणी एका अटीला बांधलेली असल्यामुळे ती मान्य करणाऱ्या अधिकाऱ्याला आपण कोणावर मेहेरबानी केली असे वाटण्याचे कारण उरत नाही. सरकारी दप्तरात हा शेवटचा मुद्दा किती मोलाचा असतो, ते ज्याने फाईल पुढे सरकवण्यासाठी खेटे घातले आहेत त्याला सांगायला नको.

पुरावा जोडण्याच्या बाबतीत एक विचित्र अडचण येते आणि तिची दखल नियम करणारे क्वचितच घेतात. परीक्षेच्या बंदिस्त ब्राउझरमध्ये पडद्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, घेता येत नाही. आणि पडद्याचा फोटो मोबाइलने काढावा, तर परीक्षेच्या वेळी मोबाइल हाती घेणे हाच गैरप्रकार मानला जातो. प्रश्नपत्रिका येण्याआधीच्या अवस्थेत असा फोटो काढण्यात गैर काहीच नाही, कारण टिपण्यासारखा प्रश्नच पडद्यावर नसतो. पण एकदा प्रश्न आले की बिघाडाचा फोटो काढणारा परीक्षार्थी एका संकटातून दुसऱ्यात जातो, आणि पोर्टलवरील संवादखिडकीत लिहिलेला मजकूर एवढाच त्याच्याजवळचा सुरक्षित पुरावा उरतो. परीक्षा संपल्यावर मात्र स्वतःच्या संगणकाकडून बरेच काही काढता येते. विंडोज 11 च्या कॅमेरा सेटिंगमध्ये कोणत्या प्रोग्रामने कॅमेरा शेवटचा केव्हा वापरला हे दिसते. वायफाय तुटले होते की नाही हा वाद असेल, तर प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या आज्ञा-खिडकीत पुढील ओळ दिल्यास गेल्या तीन दिवसांतील वायफाय-जोडणीचा वेळवार अहवाल तयार होतो:

```
netsh wlan show wlanreport
```

हा अहवाल वायफाय केव्हा जोडले आणि केव्हा सुटले एवढेच सांगतो. वायफाय जोडलेले असूनही पुढे इंटरनेट बंद असू शकते, आणि मोबाइलच्या डेटावर परीक्षा देणाऱ्याच्या बाबतीत तर ही शक्यता अधिकच असते, हे विसरून चालत नाही. शिवाय तो तीन दिवसांपुरता असल्यामुळे निकाल लागल्यावर तक्रार करू म्हणणाऱ्याच्या तो उपयोगाचा नाही.

विद्यापीठाच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण तिच्यातला गंभीर आक्षेप टाळून ही चर्चा पुरी होत नाही. कॅमेरा बंद पडला म्हणणाऱ्या प्रत्येकाला फेरपरीक्षा दिली, तर ज्याचा अभ्यास झालेला नाही तो कॅमेऱ्यावर कागद चिकटवून दुसरी तारीख मिळवील, हे त्यांचे म्हणणे निव्वळ संशयीपणाचे नाही. कायद्याच्या पदवी प्रवेशासाठी बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 12 सप्टेंबर 2020 रोजी घरून देता येणारी, कॅमेऱ्याच्या देखरेखीखालील स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतली; अनेकांना तांत्रिक अडचणी आल्या म्हणून 14 तारखेला पुन्हा परीक्षा घ्यावी लागली; प्रश्न बाहेर फिरल्याचे आरोप झाले; आणि 21 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती परीक्षाच रद्द ठरवून सामायिक परीक्षेनुसार प्रवेश देण्यास सांगितले. घरातून होणाऱ्या परीक्षेच्या पारदर्शकतेविषयी आणि तिच्या तांत्रिक अटींमुळे बाहेर राहिलेल्यांविषयी न्यायालयाने जे म्हटले, त्यातून ही परीक्षापद्धती दोन्ही बाजूंनी किती ठिसूळ आहे ते दिसते. तरीही आक्षेपाचे उत्तर आहे, आणि ते पुन्हा त्या उंबरठ्यापाशीच सापडते. कॅमेऱ्यावर कागद चिकटवला तर साधन सापडते, चित्रही येते, फक्त ते काळे असते. नोंदीत त्रुटीचे नाव येत नाही, चेहरा न दिसल्याची खूण येते. परीक्षार्थीने मुद्दाम परवानगी नाकारली तर नकाराची नोंद होते. प्रश्न पाहून मग जोडणी तोडली तर प्रश्न पाठवल्याची वेळ आधीची आणि संकेत थांबल्याची वेळ नंतरची असते. प्रत्येक सोंग ओळखता येतेच असे नाही. अभ्यास न झालेला विद्यार्थी दुसऱ्या प्रोग्रामकडून मुद्दाम कॅमेरा अडवून घेऊ शकतो आणि त्याची नोंद प्रामाणिक विद्यार्थ्याच्या नोंदीसारखीच दिसेल. पण त्याला त्यातून दुसऱ्या प्रश्नसंचावर परीक्षा देण्यासाठी चार दिवस अधिक मिळतात, एवढाच लाभ होतो. तो रोखण्यासाठी खरी अडचण आलेल्या सगळ्यांना गैरहजर ठरवणे ही फार महाग किंमत आहे.

‘सराव चाचणी दिली नव्हती’ हा विभागाचा दुसरा आवडता युक्तिवाद याहून कच्चा आहे. सराव चाचणीच्या दिवशी कॅमेरा चालला याचा अर्थ त्या दिवशी, त्या पानावर, त्या वेळी चालू असलेल्या प्रोग्रामांसह तो चालला, एवढाच होतो. वरील उदाहरणातल्या परीक्षार्थीने सराव चाचणी दिली असती तरी ती त्याला सुखरूप पार पडली असती, कारण सरावाच्या वेळी व्हिडिओ बैठक नव्हती. ज्याने सराव चाचणी टाळली आणि ज्याच्या यंत्रात कॅमेऱ्याचा वापरच बंद होता, त्याची बाजू मात्र लंगडी पडते आणि तसे म्हणायला हरकत नसावी.

नियमांचा आधार कितपत मिळतो, हाही प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै 2020 मधील सुधारित मार्गदर्शक सूचनांत अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी अशी तरतूद होती की कोणत्याही कारणाने परीक्षेस बसू न शकणाऱ्याला नंतर विशेष परीक्षेची संधी द्यावी. ‘कोणत्याही कारणाने’ या मोकळ्या शब्दरचनेमुळे त्या वर्षी कॅमेऱ्याच्या बिघाडाचे कारण सिद्ध करण्याची गरजच फारशी उरली नव्हती. पण ती सूचना 2019–20 या शैक्षणिक वर्षापुरती होती, आणि आजही काही अर्जांत तिचा हवाला दिला जातो तो निरुपयोगी आहे. आता आधार घ्यावा लागतो तो त्या त्या विद्यापीठाच्या परीक्षाविषयक नियमांचा आणि परीक्षेच्या सूचनापत्रकाचा. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत अर्ज संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांच्या नावे, महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत करून आवक क्रमांकासह पोच घेणे हा रूढ मार्ग आहे. तेथे दाद लागली नाही, तर आयोगाच्या 2023 च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार संस्थेच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येते. समितीने शक्यतो 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तिच्या निर्णयाविरुद्ध 15 दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते, आणि लोकपालाने ते 30 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो. पुनर्मूल्यांकनाची निव्वळ मागणी लोकपालापुढे चालत नाही. पण परीक्षेच्या संचालनातील गैरप्रकार त्याच्याकडे नेता येतात आणि निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता दाखवली तर तिची दखल घेता येते. पोर्टलशी विसंगत अशी व्हिडिओ बैठकीची लेखी सूचना ही तशी अनियमितता आहे, असा युक्तिवाद वरील उदाहरणात निश्चित करता येईल.

सार्वजनिक विद्यापीठ माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेत येत असल्यामुळे स्वतःच्या बैठक क्रमांकाच्या नोंदी त्या वाटेनेही मागता येतात. नोंदी कंपनीकडे आहेत, आमच्याकडे नाहीत, हे उत्तर पुरेसे नाही. कायद्यातील माहितीचा अधिकार हा सार्वजनिक प्राधिकरणाजवळ असलेल्या किंवा त्याच्या नियंत्रणाखाली असलेल्या माहितीला लागू आहे, आणि कंत्राटाने नेमलेल्या कंपनीकडील परीक्षेच्या नोंदी विद्यापीठाच्या नियंत्रणाखाली नाहीत असे म्हणणे म्हणजे परीक्षेवर आपले नियंत्रण नाही असे कबूल करणे होय. माहिती अधिकारातील अर्जाच्या उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. समिती, अपील आणि लोकपाल यांच्या मुदती ओळीने मोजल्या तर दोन महिने सहज उलटतात, आणि कंत्राटात चित्रीकरण व नोंदी किती दिवस जपायच्या याचा आकडा त्याहून लहान असेल, तर विद्यार्थ्याला मिळालेला दाद मागण्याचा हक्क पुरावा नष्ट झाल्यावर वापरायचा हक्क ठरतो. परीक्षार्थीने नोंदी जपण्याची मागणी अर्जात पहिल्याच दिवशी करावी ती यासाठी. आणि निविदा काढणाऱ्या विद्यापीठाने तक्रारीची शेवटची मुदत संपेपर्यंत नोंदी पुसता येणार नाहीत, तसेच कॅमेऱ्याच्या त्रुटीचे मूळ नाव आणि प्रश्न पाठवल्याची वेळ प्रत्येक बैठक क्रमांकासमोर नोंदवावी लागेल, ही दोन कलमे कंत्राटातच घालावीत.